चार तास सोडून

सहा दिवसांची झड उघडली त्या रात्री तो मेल आला. झडीत माझा फोन तसाही शांत नसतो. चांदूर रेल्वे तालुक्यातून, पलीकडे नांदगाव खंडेश्वर आणि धामणगावकडून शेतकऱ्यांचे फोटो येत राहतात, आणि जुलैच्या शेवटी त्या फोटोंमध्ये बहुतेक एकच गोष्ट असते, पिवळं पडलेलं सोयाबीन. मेल मात्र क्वचित येतो. हा एका मुलीचा होता. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची बी.एस्सी.ची पदवी यंदाच हाती आलेली, गाव आमच्याच तालुक्यातलं. मजकूर इंग्रजीत, नीट परिच्छेद पाडून लिहिलेला. मार्गदर्शन हवं आहे, प्रत्यक्ष शेतावरचा अनुभव हवा आहे, तुमच्यासोबत जास्तीत जास्त शेतं बघायची आहेत, पैशांची अपेक्षा नाही. सोबत गुणपत्रिका, ग्रामीण कृषी कार्यानुभवाचं प्रमाणपत्र आणि गावात बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक करून दाखवतानाचे दोन फोटो.

असे मेल मला वर्षाकाठी चार-पाच येतात. पण या मेलच्या अगदी शेवटी, स्वतःच्या नावाच्याही खाली, तिनं मराठीत दोन ओळी लिहिल्या होत्या. ‘सर, आमचंच सोयाबीन पिवळं पडलं आहे. बाबा विचारतात काय झालं, आणि मला नक्की सांगता येत नाही.’

वरचा सगळा मजकूर कोणालाही पाठवता आला असता. या दोन ओळी मात्र तिच्याच होत्या. चार वर्षं शिकून आलेल्या मुलीला बापानं पहिलाच प्रश्न विचारला आणि ती थांबली. पाठ असलेलं एखादं नाव तिनं ठोकून दिलं नाही. मला सोबतीला जे माणूस हवं असतं त्याची ओळख गुणपत्रिकेपेक्षा अशा थांबण्यातून पटते.

मी उत्तर लिहिलं त्यात होकार-नकार काहीच नव्हता, नुसते प्रश्न होते. पिवळेपणा शेंड्याच्या पानांवर आहे की बुडाच्या? पान पिवळं झालं तरी शिरा हिरव्या राहिल्या आहेत का? सगळं वावर पिवळं आहे, एखादा पट्टा आहे, की मध्येच एखादं-एखादं झाड? तणनाशक पेरणीनंतर कितव्या दिवशी मारलं? आणि पाच झाडं मुळासकट उपटा, मुळावरच्या गाठी नखानं फोडा, खोड ब्लेडनं उभं चिरा, आत काय दिसतं ते लिहा. फोटो पाठवू नका.

फोटो नको म्हणण्याला कारण आहे. माणूस फोटो काढतो तो सगळ्यात वाईट दिसणाऱ्या पानाचा. त्या पानाच्या शेजारचं झाड कसं आहे, ते झाड वावराच्या कोणत्या अंगाला आहे, पाणी कुठून कुठे जातं, यातलं काही फोटोत येत नाही. आणि सोयाबीनच्या पिवळेपणाचं अर्धं निदान त्या जागेतच असतं. शिवाय लिहायचं म्हटलं की बघावं लागतं. फोटो न बघताही काढता येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, यावेळी सगळं मराठीत. पेरणीला तीस दिवस झालेले. वाण जेएस ३३५, घरचंच बियाणं. तणनाशक अठराव्या दिवशी, पूर्ण तीन एकरांत. पिवळं पडलेलं मात्र नाल्याकडच्या खोलगट भागातच, साधारण बारा गुंठे. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, बुडाची पानं चांगली. मुळावर गाठी आहेत, फोडल्यावर काहींच्या आत गुलाबी, काहींच्या आत पांढरं. चार खोडांत काही नाही, पाचव्यात लालसर रेघ. त्याखाली तिनं लिहिलं होतं, ‘वरच्या भागात तीन झाडं वेगळी दिसली. त्यांची पानं पिवळी आहेत, पण तशी नाहीत.’

‘पण तशी नाहीत’ हे शब्द वाचले आणि रविवारी सकाळी येतो म्हणून कळवलं.

रविवारी सातला मी वावरात पोचलो तेव्हा धुऱ्यावर तिचे बाबा उभे होते. त्यांच्या हातात चिठ्ठी होती. जवळच्या बाजारातल्या एका कृषी केंद्रावरून लिहून आणलेली, एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, १९:१९:१९ आणि वर एक टॉनिक. एकाच पंपात चारही.

“साहेब, हे पिवळं पायलं अन् काही सुचेचना. दुकानात गेलो तर त्यानं हे लिहून देल्लं. पोरगी म्हणे थांबा. म्हणून थांबलो, नायतर कालच मारलं असतं.”

मी चिठ्ठी खिशात ठेवायला सांगितली आणि आम्ही तिघं नाल्याकडे उतरलो.

त्या वावरात तीन वेगळ्या प्रकारचे त्रास एकाच वेळी उभे होते, आणि धुऱ्यावरून पाहिलं तर सगळं सारखंच पिवळं दिसत होतं. पहिला खोलगट भागातला. पान हातात घेऊन आकाशाकडे धरलं की त्याच्या शिरांची हिरवी जाळी उठून दिसते आणि मधली जागा लिंबासारखी पिवळी, अगदी शेंड्याला जवळजवळ पांढरी. ही लोहाची कमतरता. आमच्या काळ्या जमिनीत लोह कमी नसतं, पण जमिनीत चुना भरपूर असतो, आणि झडीत पाणी साचून मुळांना हवा मिळेनाशी झाली की त्या चुनखडीच्या जमिनीतलं लोह झाडाला उचलता येत नाही. झाडात एकदा एका पानात गेलेलं लोह तिथून निघून दुसऱ्या पानात जात नाही. म्हणून जुनी पानं हिरवी राहतात आणि नवं पान उपाशी जन्मतं. नत्राचं याच्या उलट असतं. झाड ते बुडाच्या पानांतून काढून शेंड्याला देतं, म्हणून नत्र कमी पडलं की पिवळेपणा खालून चढतो आणि पान शिरांसकट सारखं पिवळं होतं. ‘वरचं पान की खालचं’ हा प्रश्न मी पहिला विचारतो तो यासाठी.

मग तणनाशक. इमॅझेथापायरसारखं तणनाशक मारल्यावरही सोयाबीनचा शेंडा काही दिवस पिवळा पडतो आणि ते लोहाच्या कमतरतेसारखंच भासतं. मी तिला विचारलं, “तणनाशकाचा चट्टा असता तर कुठे दिसला असता?”

ती थोडी थांबली. “सगळीकडे, सर. मारलं तर पूर्ण वावरात होतं.”

“आणि सगळ्यात जास्त?”

यावेळी तिचे बाबा बोलले. “धुऱ्याजवळ. तिथं पलटताना पंप दोनदा बसते ना.”

धुऱ्याजवळचं सोयाबीन हिरवंगार होतं. तणनाशकाचा प्रश्न तिथंच मिटला, आणि तो बाबांनी मिटवला याचा मला फार आनंद झाला.

दुसरा प्रकार वरच्या भागातल्या त्या तीन झाडांचा. तिथं पिवळेपणा शिरांचा मुलाहिजा ठेवत नाही. पानभर वेडेवाकडे भडक पिवळे ठिपके आणि चट्टे, मध्येच हिरवं, पुन्हा पिवळं, गोधडीला ठिगळं लावावीत तसं. हा पिवळा मोझॅक. विषाणू पसरवते पांढरी माशी, म्हणून रोगट झाडं गटानं न दिसता विखुरलेली दिसतात. झाड हलकेच हलवलं तर पानाखालून बारीक पांढरी धूळ उडाल्यासारख्या माश्या उडतात. या झाडाला कुठलंही औषध बरं करत नाही. ते उपटून पुरायचं, आणि दर चार-पाच दिवसांनी वावरातून फिरून नवं झाड दिसलं तर तेही उपटायचं. तीन एकरांत तीन झाडं असताना हे जमतं, तीनशे झाल्यावर जमत नाही. जेएस ३३५ या रोगाला बळी पडणारं वाण आहे. त्यातच वरचेवर जालीम कीटकनाशक मारलं की माशीला खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि माशी उलट वाढते. चिठ्ठीतलं पहिलं औषध त्याच जातीचं होतं.

तिसरा प्रकार खोडातली लालसर रेघ. खोडमाशी पानावर अंडं घालते, अळी शिरेतून देठात, देठातून खोडात उतरते आणि खोडाच्या गाभ्यातून वेडीवाकडी वाट कोरत जाते. रोपटं कोवळं असताना लागली तर झाड मरतं. महिनाभराचं झाड बहुधा जगतं, पण शेंगा कमी धरतं. बाहेरून फार काही दिसत नाही, म्हणून ब्लेड लागतं. तिनं पाचांत एक सांगितलं होतं, म्हणजे वीस टक्के, आणि साधारण दहा टक्क्यांवर फवारणीचा विचार करतात. बाबा घाबरले होते ते त्याच आकड्यानं. पण ती पाच झाडं तिनं एकाच जागेवरून, तीही पिवळ्या पट्ट्यातून उपटली होती. आम्ही नागमोडी चालत पाच जागांवरून चार-चार झाडं घेतली. चिरायचं काम तिच्याकडे. पहिल्या झाडाला तिनं ब्लेड आडवं लावलं आणि खोड तुटलं. दुसऱ्यापासून मुळाच्या वर दोन बोटं सोडून, अंगठ्यानं आधार देत, सरळ शेंड्यापर्यंत. वीस झाडांत रेघ निघाली एकात. त्या बोगद्यात तांदळाच्या कणीएवढी पांढुरकी अळी होती. तिनं ती तळहातावर घेतली, बाबांना दाखवली, मग वहीत लिहिलं, २० पैकी १, म्हणजे पाच टक्के. फवारणी नाही.

ग्रामीण कार्यानुभवाच्या सत्रात मुलं गावात राहतात, नकाशे काढतात, प्रात्यक्षिकं करतात. ते सगळं उपयोगाचं आहे. पण पाच झाडांचा आकडा आणि वीस झाडांचा आकडा यांच्यात एका फवारणीचं अंतर असतं, ते अंतर स्वतःच्या बापाच्या वावरात मोजल्यावर जेवढं कळतं तेवढं एरवी कळत नाही.

आता उपाय. खालच्या बारा गुंठ्यांतलं पाणी आधी काढायचं, फावड्यानं नाल्यापर्यंत वीतभर खोल चर. वाफसा आला की डवरणी, आणि डवऱ्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडायच्या म्हणजे पुढच्या पावसाचं पाणी थांबणार नाही. पिवळ्या भागावर हिराकसाची फवारणी. १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम हिराकस, आणि त्याची आम्लता मारायला २५ ग्रॅम चुना, तो वेगळा भिजवून, गाळून घेतलेला. द्रावण ताजंच वापरायचं, ठेवलं की तांबडं गढूळ होतं आणि मग त्यातलं लोह पानाच्या कामाचं राहत नाही. त्यात दुसरं काही मिसळायचं नाही. १९:१९:१९ मधलं स्फुरद लोहाला धरून बसतं आणि दोन्ही वाया जातात. चिठ्ठीतल्यासारखं चार गोष्टी एकत्र मारण्याचं नुकसान पैशांपुरतं नसतं. पीक सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच चारही गोष्टी आणाव्या लागतात.

मी सल्ल्याचे पैसे घेतो आणि औषधाचं एक पाकीटही विकत नाही. दुकान टाकायला अनेकांनी सुचवलं. पण ज्याच्या मागे माल रचलेला असतो त्याला ‘काही मारू नका’ म्हणणं जड जातं, आणि माझ्या कामात निम्म्या वेळा तेच म्हणायचं असतं. सोबत यायचं असेल तर ही एक अट आहे, हे मी तिला त्याच दिवशी सांगितलं.

दुसरी अटही तिथंच सांगितली. “फवारताना मधले चार तास सोडायचे.” आमच्याकडे पेरणीच्या ओळीला तास म्हणतात. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या अंतरानं चार तास म्हणजे सहा फुटांचाही पट्टा होत नाही. दोन्ही टोकांना काड्या रोवायच्या, काडीला चिंधी बांधायची आणि त्या चार तासांवर थेंबही पडू द्यायचा नाही.

बाबांना ते पटलं नाही. “पिवळं दिसते अन् मुद्दाम सोडाचं?”

तेव्हा मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. काम सुरू केल्याच्या दुसऱ्या हंगामात मी एका शेतकऱ्याला असंच हिराकस मारायला लावलं होतं. आठ दिवसांत वावर हिरवं झालं. तो खूश, मी त्याहून खूश. त्या भागात मी आणखी कितीतरी जणांना तेच सांगितलं. पुढे सोंगणीच्या वेळी त्याच वावरात उभे असताना तो सहज म्हणाला की एका कोपऱ्यात पंपातलं पाणी संपलं होतं, तिथं मारलंच नव्हतं, तेही हिरवं झालं. मी त्या कोपऱ्यात जाऊन शेंगा मोजल्या. बाकीच्या वावराइतक्याच होत्या. मी सांगितलं त्या सुमारास झड उघडली होती आणि वाफसा आला होता. पीक उन्हानं आणि हवेनं हिरवं केलं आणि श्रेय मी घेतलं. खोटं मी बोललो नव्हतो, पण मला माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी लोकांना सांगत राहिलो होतो. त्या दिवसापासून माझ्या सल्ल्यावर चाललेल्या प्रत्येक वावरात चार तास कोरे असतात.

बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी तिचा फोन आला की काड्या त्यांनीच रोवल्या.

मेलमध्ये तिनं जास्तीत जास्त शेतं बघायची म्हटलं होतं. मी तिला उलटं सांगितलं. या हंगामात तुझं एकच शेत, तुझ्या घरचं, आणि तिथं तू दर चौथ्या दिवशी जाशील, त्याच पाच जागांवर. दिवसाला दहा वावरं पाहिली की दहा वावरांचं आजचं रूप कळतं. सल्ला दिल्यावर पुढे काय झालं ते कळत नाही, आणि सल्लागाराचं शिक्षण तिथंच होतं. कॉलेज सुटल्यावर कोणी कंपनीत लागतं, कोणी कृषी केंद्र उघडतं. दोन्हीकडे एकाच वावरात आठ वेळा जायला पगार मिळत नाही. म्हणून पहिल्या वर्षीच ही सवय लागली तर लागते.

फवारणीनंतर चौथ्या दिवशी तिचा मेल आला. फवारलेल्या पानांवर जिथं जिथं थेंब बसले तिथं हिरवे ठिपके उमटले होते, पिवळ्या पानाला वांग यावेत तसे. कोऱ्या तासांत काही बदल नव्हता. ‘सर, फवारणी लागू पडली,’ असं तिनं लिहिलं. मी फक्त ‘नवं पान बघ’ एवढं उत्तर दिलं.

नवव्या दिवशी मी स्वतः गेलो. फवारलेल्या तासांची जुनी पानं हिरवी झालेली, नवं पान फिकट हिरवं. कोऱ्या चार तासांत जुनी पानं अजून पिवळी, पण शेंड्याचं नवं पान फवारलेल्याइतकंच हिरवं. चर काढल्यावर तिथलं पाणी चार दिवसांत उतरलं होतं आणि मुळं कामाला लागली होती. फवारणीनं पिकाला आठवडाभराची सोबत केली होती, एवढंच. आणि अगदी नाल्याला लागून, जिथं मध्ये खडक लागल्यामुळे चर पूर्ण गेला नव्हता, तिथं फवारलेल्या झाडांचंही नवं पान पुन्हा पिवळंच येत होतं. जुन्या पानावर थेंबांचे हिरवे ठिपके आणि त्याच्या वरचं पान पांढरट, दोन्ही एकाच झाडावर. ती बराच वेळ त्या झाडापाशी बसून होती. मग तिनं वहीत तीन रकाने पाडले, फवारलेलं, कोरं आणि नाल्याकडचं.

ऑगस्टभर ती जात राहिली. मोझॅकची आणखी अकरा झाडं तिनं उपटली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात देठावर दोन बारीक खापा असलेलं सुकलेलं पान तिनं माझ्याकडे आणलं. ती चक्रीभुंग्याची खूण, त्या दोन खापांच्या मधोमध तो अंडं घालतो. वीस झाडांत तेही एकच होतं. फवारणी नाही. दुकानाची ती चिठ्ठी बाबांच्या खिशातच विरली असावी, कारण नंतर तिचा विषय निघाला नाही. मधल्या काळात दोनदा मी तिला माझ्याबरोबर धामणगावकडच्या वावरांत नेलं. तिथं मी बोलायच्या आधी तिनं शेतकऱ्याला विचारलं, “काका, तणनाशक कधी मारलं?”

सप्टेंबरच्या अखेरीस शेंगा भरल्या तेव्हा पुन्हा मेल आला. नमस्कार आणि त्याखाली तीन ओळी. प्रत्येक ठिकाणच्या दहा झाडांच्या शेंगा मोजून काढलेली सरासरी. फवारलेले तास, ३४. कोरे तास, ३२. नाल्याकडचे, १९. आणि खाली, ‘चौतीस आणि बत्तीसमध्ये खरंच फरक आहे की मोजण्यातला आहे, हे दहा झाडांवरून मला सांगता येणार नाही. नाल्याकडचा फरक मात्र खरा वाटतो. बाबा म्हणतात पुढच्या वर्षी तिथं काय करायचं ते सरांना विचार.’

मी लिहिलं, सोंगणी झाली की कळव. पारदर्शक नळी आणि दोन पट्ट्या घेऊन येतो. खडकाच्या अलीकडून चर वळवता येतो का, त्यासाठी आधी उतार मोजावा लागेल. बाबांना घरी थांबायला सांग, नळीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं.